लाल टिकलीचं बटन

आमच्या आर्वीच्या घरात फोन आला तो माझ्यामुळे. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याला कॉलेजच्या होस्टेलवर राहायला गेले, तेव्हा बाबांनी फोनसाठी नंबर लावला. बाबा कापसाच्या बाजारात वजनकाट्यावर होते. दिवसभर गाड्या मोजायच्या आणि संध्याकाळी कपड्यांना चिकटलेला कापूस अंगणात झटकायचा, असं त्यांचं आयुष्य. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. फोन लागेपर्यंत माझं शिक्षण संपत आलं होतं, पण बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "आता नोकरीवरून बोलजो," म्हणाले.

फोनची तार समोरच्या खोलीत आली, रस्त्याकडच्या खिडकीतून. आईचं सगळं जग मात्र मागच्या खोलीत होतं. तिथेच चूल, नंतर गॅस, भिंतीत कोनाड्यासारखं देवघर आणि तिची बसायची सतरंजी. फोन वाजला की तिला मधली खोली ओलांडून पळत यावं लागायचं. उचलल्यावर पहिली काही वाक्यं नुसत्या धापेचीच असायची. पुढे मी इंग्लंडमधल्या एका लहान शहरात नोकरीला गेले तेव्हाही माझ्या कानात घर म्हणजे ती धाप होती.

बाबा गेले आणि आई एकटी राहिली. मी महिनाभर येऊन राहिले आणि जाताना तिच्यासाठी एक सोय करून गेले. त्याच फोनच्या तारेवर ब्रॉडबँड घेतलं. खिडकीजवळ तारेला एक छोटी डबी लावली. तिच्यातून एक फाटा फोनला, दुसरा मॉडेमला. मॉडेमपासून वायर राऊटरला. आणि राऊटरमुळे माझा जुना लॅपटॉप मागच्या खोलीत, आईच्या सतरंजीसमोर, कुठलीही वायर न ओढता चालायला लागला. तिने पळायचं नाही, धापा टाकायच्या नाहीत, आपल्या जागी बसून माझा चेहरा पाहायचा. माझं मन मात्र दुसऱ्या गोष्टीसाठी अडलं होतं. फोनवर ती नेहमीच "मी बरी हाओ" म्हणायची. मला ती दिसायला हवी होती.

आई चौथी शिकलेली. मराठी छान वाचते, पण त्या यंत्रांवरची अक्षरं इंग्रजी. म्हणून मी तिच्याच कपाटातून टिकल्यांची पाकिटं काढली. आता ती लावत नव्हती, तशीच पडून होती. मॉडेमवर ज्या दिव्याने तार जुळली की नाही ते कळतं, त्याच्या खाली हिरवी टिकली लावली. राऊटरच्या बटनावर लाल, आणि त्याच्या नेटच्या दिव्याखाली एक बारकी लाल. आई बाजूला उभी राहून पाहत होती. "कामाले आल्या म्हणायच्या," एवढंच म्हणाली.

मग मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि ते खिडकीच्या वर चिकटवलं. मजकूर असा होता:

नेट नसेल तर आधी फोन उचलून कानाला लाव. घूं असा आवाज येतो का ऐक. आवाज नसेल तर तारच बंद आहे, टेलिफोन ऑफिसला कळव, बाकी कशाला हात लावू नको.

आवाज असेल तर फोन नीट ठेव. मॉडेमवर हिरव्या टिकलीचा दिवा पाहा. लुकलुकत असेल तर थांब. लुकलुकणं थांबून स्थिर झाला म्हणजे तार जुळली.

मग राऊटरवर बारक्या लाल टिकलीचा दिवा पाहा. तो लागला नसेल तर मोठ्या लाल टिकलीचं बटन बंद कर. राऊटरचे सगळे दिवे विझू दे. तुळशीला पाणी घालून ये. मग बटन सुरू कर.

बारक्या लाल टिकलीचा दिवा लागला की लॅपटॉप उघड.

मी ते तिच्याकडून वाचून घेतलं, दोनदा करवून घेतलं. तिने दोन्ही वेळा न चुकता केलं. सकाळची वेळ होती, ऊन खिडकीतून थेट मॉडेमवर आलं होतं. ही वेळ मला नंतर फार आठवली.

ते लोडशेडिंगचे दिवस होते. आर्वीत दुपारी लाईन जायची आणि सांजेला यायची. आमच्याकडे विजेला लाईन म्हणतात, त्यामुळे सुरुवातीला आमचा चांगलाच गोंधळ उडाला. मी इंग्लंडहून फोन करून विचारायची, "आई, लाईन तपासली का?"

"लाईन आली नं. पंखा चालू हाये."

"फोनची लाईन व आई!"

"फोनचीबी आली. त्याच्याशिवाय का तू भूत बनून बोलून राह्यली?"

तिथे दुपारी जेवायच्या सुट्टीत मी ऑफिसच्या एका रिकाम्या खोलीत डबा घेऊन बसायची. तेव्हा आर्वीत सांज झालेली असायची, लाईन नुकतीच आलेली असायची. मी मुद्दाम तीच वेळ धरली होती, कारण रात्री आई लवकर झोपायची आणि माझा पुढचा मोकळा वेळ तिच्या झोपेत जायचा. लॅपटॉपवर तिच्या नावापुढचं टिंब राखाडी असायचं. ते हिरवं झालं की ती आली असं समजायचं. मी पोळीचा तुकडा हातात धरून त्या टिंबाकडे पाहत बसायची.

पहिले काही आठवडे ते हिरवं व्हायचं, कारण पावसाळ्यात लाईन क्वचितच जायची. पुढे पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन तापलं, लोडशेडिंग रोजचं झालं आणि टिंब राखाडीच राहायला लागलं. मी घरी फोन लावायची. "आई, कागदावरचं केलं का?"

"करतो. थांब जराशी."

"फोनचा आवाज आधी ऐकला होता?"

"ऐकला."

"हिरव्या टिकलीचा दिवा?"

"लागला. बराबर लागला."

"मग लाल टिकलीचं बटन बंद कर नं."

"करतो म्हणलं नं व माय. तू जेव."

मी जेवायची. सुट्टी संपायची. मी माझ्या टेबलावर परत जायची, आणि कामाच्या मध्येच, ज्या वेळी मी कुणाशी बोलूच शकत नव्हते, स्क्रीनच्या कोपऱ्यात तिचं टिंब हिरवं व्हायचं. थोडा वेळ हिरवं राहायचं आणि परत राखाडी. तिकडे ती लॅपटॉपसमोर बसली असेल, तिला मी दिसत नसेन, मग झाकण लावून टाकत असेल, हे सगळं मला त्या टिंबात दिसायचं. आजूबाजूला लोक काम करत असायचे. मी उठून एकदा पाणी पिऊन यायची.

बिघाड कुठे होता ते मला माहीत होतं. लाईन आली की मॉडेम आणि राऊटर एकदमच जागे होतात. राऊटर लवकर तयार होतो, मॉडेमला तार जुळवायला वेळ लागतो. आमचा राऊटर स्वस्तातला होता. तो एकदा नेट मागायचा, मॉडेम तयार नसला की गप्प बसायचा, पुन्हा विचारायचाच नाही. म्हणून मॉडेम स्थिर झाल्यावर राऊटर एकदा बंद करून सुरू करायचा, बस. मोजून चार गोष्टी होत्या आणि आईला त्या येत होत्या. मग तिला एवढा वेळ का लागत होता?

हा प्रश्न मी मामांना विचारला. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, तिला बाई म्हणणारे. आष्टीला त्यांचं किराणा दुकान. आर्वीच्या बाजाराला आले की दुपारच्या आत बहिणीकडे डोकावायचे. मी सांगितल्यावर त्यांनी सकाळी येऊन राऊटर मुद्दाम अडवून पाहिला, कागद वाचला, आईला करायला लावलं. तिने झटक्यात केलं.

मामांचा फोन आला. "कागद बरोबर हाये पोरी. यंत्रबी बरोबर हाये. सकाळी बाई झ्याक करते. सांजेलेच तिले सुधरत नाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "या वयात असं होते. सांज झाली का माणूस भांबावते. आमच्या दुकानाजवळच्या बुढ्याचं असंच सुरू झालं होतं. मंग एक दिवस गॅस तसाच ठेवून निघून गेला."

गॅस हा शब्द माझ्या मनातून जाईना. त्या रात्री मी माझ्या खोलीत हीटरजवळ बसून हिशेब जुळवत गेले, आणि सगळं जुळतही गेलं. सकाळी येतं, संध्याकाळी येत नाही. "करतो" म्हणते आणि करत नाही. काय अडलं विचारलं की सांगत नाही, विषय जेवणावर नेते. मामांचा बेत सरळ होता. दिवाळीनंतर आर्वीच्या घराला कुलूप लावायचं आणि आईला आष्टीला न्यायचं. मला तो बेत पटला. पटला याचा मला थोडा आधारही वाटला.

आईला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "या घरी मी लग्न होऊन आली. इथून मले उचलून नेजा, चालवत नोका नेऊ."

दिवाळीला मी सुट्टी काढून आले. नागपूरहून एसटीने आर्वीच्या स्टँडवर उतरले तेव्हा आई घ्यायला आली होती, पदर डोक्यावरून, हातात कापडी पिशवी. ती भांबावलेली वगैरे काही दिसत नव्हती. कंडक्टरकडून सुट्टे पैसे घ्यायचे मी विसरले होते, ते तिने तिथेच विचारून आठवण करून दिली.

घरी मी तिच्यावर नजर ठेवून राहिले. आता लिहिताना हे बरं वाटत नाही, पण तेव्हा मी तेच करत होते. गॅस बंद केला का, दाराला कडी लावली का, दुधाचं पातेलं झाकलं का. सगळं जिथल्या तिथे होतं. बाबांची चप्पलसुद्धा दारामागे, पुसून ठेवलेली.

लक्ष्मीपूजन होऊन गेलं होतं. मामा आम्हाला न्यायला आले होते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जायचं ठरलं होतं. आईची पेटी बाहेर काढून ठेवली होती, रिकामी. तिने तिच्यात काही भरलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. दुपारपासून लाईन नव्हती. दिवस कलला तसं घर मागच्या बाजूने अंधारत आलं.

मग लाईन आली. समोरच्या खोलीतला पंखा कुरकुरला. आई उठली, खिडकीजवळ गेली. मी मधल्या दारात उभी होते. तिने फोन उचलला, कानाला लावला, ठेवला. वाकून हिरवी टिकली पाहिली. त्या अर्धवट उजेडात मॉडेमचा दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. राऊटरचे बाकीचे दिवे लागले होते, बारक्या लाल टिकलीचा तेवढा लागला नव्हता. हे तिनेही पाहिलं. तिचा हात मोठ्या लाल टिकलीच्या बटनापर्यंत गेला.

आणि तिने तो मागे घेतला.

ती मागच्या खोलीत आली. पाय धुतले. देवघरात निरांजनात तेल घातलं, वात सारखी केली, दिवा लावला. हात जोडले. तुळशीजवळ एक पणती ठेवली. मग सतरंजीवर येऊन बसली आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

"आई," मी म्हटलं, "राऊटर राहिला नं?"

"हो. करतो थोड्या वेळानं."

"आता काऊन नाई?"

मामा बाजेवरून माझ्याकडे पाहत होते. पाह्यलं, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"आता दिवेलागणीची वेळ हाये," आई म्हणाली.

"मग?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पाचवीत आहे आणि मला पाढा येत नाही. "मंग काय मंग? तिन्हीसांजेले घरात दिवा लावतेत का बंद करतेत? तू लिवलं हाये, सगळे दिवे विझू दे. विझू दे! असं लिवतेत का व? आपल्यात दिवा शांत झाला म्हणतेत. आन तू भर सांजेले मले घरातले दिवे विझवाले सांगतं."

"अवं बाई, तो का देवाचा दिवा हाये?" मामा म्हणाले. "ते तं मशीनचं लाईट हाये. तुले काय मशीनचीबी आरती करा लागते?"

"दिवा तो दिवाच," आई म्हणाली. "तू दुकानात सांजेले मीठ देतं का कोणाले?"

सांजेला मीठ मामा देत नाहीत, आष्टीत सगळ्यांना माहीत आहे.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "मग तू मला सांगितलं काऊन नाई? मी रोज विचारत होते."

"असं सांगा लागते का?" ती म्हणाली. मग देवघराकडे पाहत, "मले वाटलं तू हसशीन. तिथं तुह्या ऑफिसात लोकं बसले असतीन. आई अडाणी म्हणतीन. म्हणलं, एवढी दिवेलागण जाऊ द्याव, मंग करू. मंग करतच होतो नं मी. तूच दिसत नव्हती."

मला ती सगळी हिरवी टिंबं आठवली.

"आन तुह्ये बाबा गेले त्या सांजेलेबी लाईन नव्हती," ती म्हणाली. "मी दिवा लावाले उठली होती. लावाचा राहून गेला." एवढं बोलून तिने मामांना विचारलं, "च्या ठेवू?"

चहा झाला. राऊटर तसाच अर्धवट लागलेला. मी कपबशा विसळत विचार करत होते की आता काय. राऊटर बदलायचा? वेळ बदलायची? माझ्याजवळ दुसरी वेळ नव्हती. तेवढ्यात आई म्हणाली, "लाईन जाते तवा तं त्याचे दिवे आपोआपच जातेत."

"हो."

"तवा मी काई बंद केलं नाई. ते सरकारनं केलं."

मामा हसले. "सरकारले लागू दे पाप."

आणि मला सुचलं. मी भिजल्या हातानेच खिडकीपाशी गेले. दुपारी लाईन गेली की राऊटर मेलेलाच असतो. त्याच वेळी लाल टिकलीचं बटन खाली, म्हणजे बंद, करून ठेवायचं. त्याने एकही दिवा जात नाही, कारण एकही लागलेला नसतो. सांजेला लाईन आली की एकटा मॉडेम जागा होईल. हिरव्या टिकलीचा दिवा स्थिर झाला की मगच राऊटर सुरू करायचा. तोवर मॉडेम तयार असतो, राऊटरला एकदा विचारून लगेच नेट मिळतं. बंद करायचं काहीच उरत नाही, नुसतं लावायचं.

मी आईला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "म्हणजे देवाजवळ लावल्यावर हा दुसरा लावाचा."

"हो."

"मंग असं लिव नं."

मी जुना कागद काढला. नव्यावर आईनेच शब्द सांगितले, मी लिहिले. दुपारी लाईन गेली की लाल टिकलीचं बटन खाली करून ठेव. सांजेला लाईन आली की फोनचा आवाज ऐक. देवाजवळ दिवा लाव. तोवर हिरव्या टिकलीचा दिवा स्थिर झाला असेल, तो पाहा. लुकलुकत असेल तर थांब. स्थिर असेल तर लाल टिकलीचा दिवा लाव. बटन सुरू कर असं मी लिहिलं होतं, तिने ते खोडायला लावलं.

आणि अगदी खाली एक ओळ माझी: रात्री किंवा सकाळी अडलं तर मात्र बटन बंद करून, तुळशीला पाणी घालून, पुन्हा सुरू कर. आई म्हणाली, "रात्री तुळशीले पाणी नसते घालत." मी ते खोडून 'पेलाभर पाणी पिऊन' असं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मामा एकटेच आष्टीला गेले. जाताना पेटी त्यांनीच उचलून परत माळ्यावर ठेवली. "झाकून ठेवजो, धूळ बसते तिच्यावर," आई त्यांना म्हणाली, जणू पेटी धूळ झटकायलाच काढली होती.

मी परत गेले. त्या वर्षी थंडी फार होती. दुपारी बाहेरसुद्धा नीट उजेड नसायचा, ऑफिसच्या त्या खोलीत मी बारा वाजता दिवा लावून बसायची. डबा उघडायची आणि राखाडी टिंबाकडे पाहत राहायची. आणि ते हिरवं व्हायचं. आधी काळं चित्र, मग एक हलती आकृती, मग आई, आणि तिच्या मागे देवघरातलं निरांजन, पडद्यावर एक पुसट पिवळा ठिपका. आम्ही काय बोलायचो हे मला आता फारसं आठवत नाही. तूर कशी आली, शेजारणीच्या सुनेला दिवस गेले, मी काय खाल्लं. कधी काहीच नाही. ती भाजी निवडत बसायची, मी जेवत बसायची.

एक मात्र पक्कं ठरलेलं होतं. सुट्टी संपली की मी म्हणायची, "चल आई, ठेव आता."

"तूच ठेव," ती म्हणायची. "सांज हाये. माह्या हातानं नको."

मग मी कॉल बंद करायच्या बटनावर बोट ठेवायची. ती पडद्याला डोळे लावून बसलेली असायची, हात मांडीवर. मी दाबेपर्यंत ती तशीच बसायची. आणि मी दाबल्यावर ती त्या घरात तशीच किती वेळ बसत असेल, ते मला कधी दिसलं नाही.